कावीळ एक, अर्थ दोन : आरोग्यकोशाच्या यकृत विभागाच्या कामाच्या नोंदी

१२ जून

आज सकाळी काकूंचा फोन आला. काकू निवृत्त परिचारिका आहेत आणि इंग्रजीतून मराठीत आणलेल्या आपल्या ऑनलाइन आरोग्यकोशाची पाने चढवण्याआधी त्या वाचून देतात. लसीकरणाच्या दिवशी एक बाळंतीण त्यांच्यासमोर मोबाईल धरून उभी राहिली. म्हणाली, "ताई, इथे लिहिलंय की जन्मल्यावर २४ तासांत काविळीची लस द्यायची. माझ्या बाळाला दिली होती. मग तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं का झालं? लस खराब होती का?"

तिने वाचलेले पान आपले होते. पानाचे नाव 'कावीळ बी', आणि त्यातले वाक्य जसेच्या तसे हे : "काविळीची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी." दुसरे पान 'नवजात बाळाची कावीळ'. त्यात 'कावीळ' या शब्दावर टिचकी मारली की वाचक थेट 'कावीळ बी'वर जातो. तिने दोन्ही नीट वाचली आणि दोन्ही जोडून जो निष्कर्ष निघतो तोच काढला. चूक तिची नाही, आपली आहे.

काकूंनी तिला समजावले. जन्मताच दिलेली लस हिपॅटायटीस बी या विषाणूपासून वाचवते. तिच्या बाळाचा पिवळेपणा वेगळ्या कारणाने होता : बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन तयार होते आणि कोवळ्या यकृताला ते लगेच बाहेर टाकता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारा असा पिवळेपणा बहुतेक बाळांत आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. पहिल्या २४ तासांतच दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर मात्र लगेच डॉक्टरकडे न्यायचे. ही शेवटची ओळ आपल्या पानात होती, पण ती लसीच्या गोंधळात वाचलीच गेली नाही.

२८ जुलैला जागतिक हिपॅटायटीस दिन आहे. त्याआधी यकृताची सगळी पाने स्वच्छ करायची असे ठरवले.

१३ जून

शब्दसूची उघडली. आपली शब्दसूची म्हणजे एक साधा तक्ता आहे : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. त्यात ओळ ८८ वर 'जाँडिस' समोर कावीळ आणि ओळ २०३ वर 'हिपॅटायटीस' समोरही कावीळ. दोन वेगळ्या स्वयंसेवकांनी दोन वेगळ्या वर्षी भरलेल्या ओळी. दोघांनीही आपापल्या घरात बोलतात तोच शब्द दिला, त्यामुळे दोघांपैकी कुणाला चूक म्हणता येत नाही. दवाखान्यात लोक "बी ची कावीळ झाली" असेच म्हणतात.

पण कोशात हे चालणार नाही. कावीळ हे लक्षण आहे : रक्तातले बिलिरुबिन वाढल्यामुळे डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी होणे. मोठ्या माणसात ते दर डेसिलिटरला साधारण अडीच-तीन मिलिग्रॅमच्या वर गेले की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. हिपॅटायटीस हा यकृताचा आजार आहे. हिपॅटायटीस नसताना कावीळ होते, जसे पित्तनलिकेत खडा अडकल्यावर किंवा नवजात बाळात. आणि कावीळ न दिसताही हिपॅटायटीस असतो. बी आणि सी वर्षानुवर्षे अंगात असतात आणि डोळे पांढरे स्वच्छ असतात. ही दुसरी बाजू जास्त घातक आहे. 'कावीळ बी' असे नाव वाचलेला माणूस "मी पिवळा नाही, म्हणजे मला ती नाही" असे समजून तपासणी टाळतो.

तक्ता इंग्रजी शब्दांवर रचला म्हणून ही चूक लपून राहिली. ओळ ८८ आणि ओळ २०३ कधी शेजारी आल्याच नाहीत. उजव्या स्तंभाने क्रम लावला असता तर पहिल्याच दिवशी दिसले असते. आज लावला. असे आणखी नऊ मराठी शब्द निघाले जे दोन-दोन इंग्रजी शब्दांसमोर आहेत. त्यातले काही ठीक आहेत, काही नाहीत. त्यांची यादी बाजूला ठेवली, आधी कावीळ.

१५ जून

पाने आपण साध्या मजकुराच्या फायलींत उतरवून घेतो, म्हणून शोध सोपा वाटला. 'कावीळ' शोधले, ६१ जागा सापडल्या. मी खूश झालो, आणि ज्या पानावरून हे सगळे सुरू झाले त्यातले वाक्य त्या ६१ मध्ये आहे का म्हणून पाहिले. नव्हते.

कारण ते वाक्य "काविळीची लस" असे आहे. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य ईकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : कावीळ, पण काविळीची, काविळीने, काविळीत. शोधणाऱ्या यंत्राला 'वी' आणि 'वि' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. दोन्ही रूपे एकत्र शोधली :

```
grep -rnE 'कावीळ|काविळ' pages/
```

आता १४८ जागा आल्या. निम्म्याहून जास्त पहिल्या शोधात निसटल्या होत्या. इतर शब्दांनाही हे लागू आहे. सूज शोधली तर 'सुजेमुळे' मिळत नाही, खरूज शोधली तर 'खरजेची' मिळत नाही, आणि लस शोधली तर 'लशीचा' निसटतो, कारण काही जण लसीचा लिहितात आणि काही लशीचा. यापुढे शब्दसूचीत प्रत्येक शब्दासमोर त्याचे सामान्यरूपही लिहायचे.

१८ जून

संध्याकाळी सगळे बोललो : काकू, डॉक्टर, नागपूरच्या ताई, गोव्याचा विद्यार्थी आणि पुण्याचे भाषांतरकार सर. प्रश्न एकच : कावीळ हा शब्द पिवळेपणासाठी राखायचा, हे सर्वांना मान्य. मग आजाराला काय म्हणायचे?

सरांनी 'यकृतशोथ' सुचवला. परिभाषेच्या दृष्टीने तो नेमका आहे, पण त्याच्या शेजारी 'शोफ' उभा आहे, म्हणजे पाणी साठून येणारी सूज. शोथ आणि शोफ यांतला फरक सामान्य वाचकाला एका अक्षरावरून कळावा ही अपेक्षा मला जास्त वाटली. ताईंनी 'यकृताची सूज' म्हटले. डॉक्टर लगेच म्हणाले, "मी रुग्णाला लिव्हरला सूज आहे असं हिपॅटायटीसला सांगतो, आणि चरबी साठली तरी तेच सांगतो. शिवाय पायाला सूज येते तीही सूजच." म्हणजे एक गोंधळ काढून दुसरा आणला असता. 'यकृतदाह' बऱ्यापैकी सर्वांना पटत होता. काकूंनी शंका काढली की दाह म्हटले की बायका पोटात आग होते का ते पाहतात.

शेवटी 'हिपॅटायटीस' ठरला. कारण काकूंनी टेबलावर लसीकरणाचे कार्ड ठेवले. रक्ताच्या अहवालावर, लसीच्या कार्डावर, दवाखान्याच्या फलकावर वाचकाला तोच शब्द दिसतो. त्याने वाचलेला शब्द आणि आपल्या पानावरचा शब्द एकच असला की तो स्वतः जुळवून घेऊ शकतो. यकृतदाह मात्र टाकला नाही. प्रत्येक पानाच्या पहिल्या वाक्यात तो एकदा येईल, उलगडून : "हिपॅटायटीस म्हणजे यकृतदाह : विषाणू, दारू, काही औषधे अशा कारणांनी यकृताच्या पेशींना इजा होऊन यकृत सुजणे." त्यानंतर पानभर हिपॅटायटीसच.

मराठी शब्द मागे पडला म्हणून सर थोडे नाराज होते. त्यांचे म्हणणे मी इथे मुद्दाम नोंदवतो : अतिसार, धनुर्वात, घटसर्प, गालगुंड हे शब्द लोकांनी स्वीकारले ते कुणीतरी सातत्याने वापरले म्हणून. बरोबर आहे. धनुर्वाताच्या पानावर आम्ही धनुर्वातच ठेवला आहे. पण धनुर्वात हा शब्द आईला माहीत आहे, यकृतशोथ माहीत नाही. आजारी माणसासाठी लिहिलेल्या पानावर मी परिचयाच्या बाजूने जाईन.

१९ जून

एका उत्साही स्वयंसेवकाने ठरल्याचे ऐकून रात्रीच सगळीकडे 'कावीळ' काढून 'हिपॅटायटीस' टाकले. हेतू चांगला होता, पण फार महागात पडले असते. पित्ताशयाच्या पानावर आता असे आहे : "खडा पित्तनलिकेत अडकला की हिपॅटायटीस होते." ही वैद्यकीय चूक आहे. खड्याने वाट अडते, बिलिरुबिन तुंबते आणि कावीळ होते, विषाणूचा संबंध नाही.

गंमत अशी की यंत्राने बदललेल्या जागा व्याकरणाने दाखवून दिल्या. कावीळ स्त्रीलिंगी, हिपॅटायटीस पुल्लिंगी. नुसता शब्द बदलला की क्रियापद मागे उरते :

```
grep -rnE 'हिपॅटायटीस (झाली|होते|बरी)' pages/
```

जिथे जिथे हे सापडले तिथे माणसाने वाक्य पुन्हा वाचलेले नाही हे नक्की. आणि सामान्यरूपे त्याच्या हातून सुटली होती, त्यामुळे एकाच परिच्छेदात 'हिपॅटायटीस झाली' आणि 'काविळीवर उपचार' शेजारी शेजारी. सगळे बदल परत फिरवले. त्या मुलाला फोन करून कारण सांगितले, तो समजूतदार आहे, उद्यापासून आमच्याबरोबर हाताने बसणार आहे.

शब्दसूचीत लिंगाचा स्तंभ वाढवला.

२२ जून

१४८ जागा तिघांत वाटून घेतल्या. प्रत्येक जागा मूळ इंग्रजी वाक्याशेजारी ठेवून वाचायची आणि ठरवायचे : लक्षण, आजार की लोकांचे बोल. तिसरा ढीग आधी मनात नव्हता. पण "काविळीवर माळ घालतात", "हाताला चुना लावून कावीळ उतरवतात" अशी वाक्ये आहेत. तिथे लोकांचा शब्दच हवा, कारण पान त्याच रूढीबद्दल बोलते.

सगळ्यात बोलके वाक्य हिपॅटायटीस एच्या पानावर मिळाले. मूळ म्हणते की लहान मुलांना हा संसर्ग झाला तरी बहुतेकदा पिवळेपणा दिसत नाही. आपल्या पानावर एका काळी होते : "लहान मुलांना कावीळ ए झाली तरी बहुतेकदा कावीळ होत नाही." पानाचा इतिहास उघडून पाहिला. पुढच्या स्वयंसेवकाला हे वाक्य साहजिकच अर्थहीन वाटले, म्हणून त्याने दुरुस्त केले : "लहान मुलांना कावीळ ए बहुतेकदा होत नाही." वाक्य वाचायला सुरेख झाले आणि अर्थ उलटा झाला. प्रत्यक्षात लहान मुलांनाच हा संसर्ग पुष्कळ होतो. तो ओळखू येत नाही एवढेच, आणि तशाच मुलाच्या शौचातून पाण्यावाटे, हातांवाटे घरातल्या मोठ्यांना लागतो.

आता ते असे आहे : "लहान मुलांना हिपॅटायटीस ए झाला तरी बहुतेकांना कावीळ होत नाही. तरीही त्यांच्याकडून घरातल्या इतरांना संसर्ग होऊ शकतो." यात माझ्या मते शब्दसूचीचे सगळे काम दिसते. एका अर्थाला एक शब्द नसला की मागून येणारा प्रामाणिक माणूस वाक्य सुधारताना तथ्य बिघडवतो, आणि सुधारलेले वाक्य छान दिसते म्हणून कुणी परत पाहत नाही.

डॉक्टरांच्या वाट्याला आलेल्या जागांत गरोदरपणाचे पान होते. "गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास धोका जास्त" असे मोघम होते. मूळ वाक्य हिपॅटायटीस ईबद्दल आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आणि पुढे जोडले की गरोदरपणात कोणत्याही कारणाने डोळे पिवळे दिसले तरी थांबू नये.

२७ जून

जागा तपासून झाल्या, तरी मला आकडा जुळेना. 'हिपॅटायटीस' शोधल्यावर जेवढी पाने यायला हवीत तेवढी येत नव्हती. आधी वाटले ऱ्हस्व-दीर्घ असेल. ते होतेच : टिस आणि टीस दोन्ही. कावीळला जो नियम तोच इथे लावला, उपान्त्य दीर्घ, म्हणून 'हिपॅटायटीस'. आणि परका शब्द म्हणून सामान्यरूप न करता थेट प्रत्यय : हिपॅटायटीसची, हिपॅटायटीसमुळे. त्यामुळे शोधही सोपा राहतो.

तरीही तीन पाने लपलेली. शेवटी एक शब्द अक्षर-अक्षर सोडवला तेव्हा दिसले की 'पॅ'च्या जागी 'पँ' आहे. अर्धचंद्राऐवजी चंद्रबिंदू. मोबाईलच्या बारीक अक्षरात टिंब दिसतच नाही, आणि काही कळफलकांवर चंद्रबिंदू आधी हाताला लागतो.

सगळीकडचे ँ बदलून ॅ करावे असे मनात आले, पण थांबलो. 'बँडेज', 'ब्लड बँक' यांत तो हवाच आहे. म्हणून फक्त या शब्दापुरते केले :

```
sed -i 's/हिपँटा/हिपॅटा/g' pages/*.txt
```

ॲनिमियाचेही असेच आहे. कुणी एकसंध ॲ टाइप करते, कुणी अ वर अर्धचंद्र देते, कुणी ऍ. डोळ्याला पहिली दोन सारखीच दिसतात, शोधाला तिन्ही वेगळी. ॲ ठरवला, बाकीच्यांसाठी तसाच बदल केला.

३ जुलै

शब्दसूची नव्याने मांडली. आता ओळ इंग्रजी शब्दाची नाही, अर्थाची आहे. पहिल्या रकान्यात एका वाक्यात अर्थ मराठीतून लिहायचा. तो लिहिता आला नाही तर शब्द ठरवायला घ्यायचाच नाही. मग ठरलेला शब्द, त्याचे लिंग, सामान्यरूप, कोणता शब्द इथे वापरायचा नाही, आणि पानातले एक खरे वाक्य. काविळीच्या ओळीत 'वापरायचे नाही' खाली लिहिले आहे : हिपॅटायटीससाठी नको, 'कावीळ बी' असे पानाचे नाव नको.

नाव नको म्हणजे लोकांचा शब्द पुसायचा असे नाही. वाचक 'कावीळ बी' असेच शोधणार, म्हणून त्या नावाचे पान ठेवले आणि ते योग्य जागी वळवले :

```
#REDIRECT [[हिपॅटायटीस बी]]
```

गोव्याच्या विद्यार्थ्याने सांगितले की त्याच्याकडे काविळीला 'कामीण' म्हणतात. तेही 'कावीळ'कडे वळवले. नागपूरच्या ताईंकडून 'पीलिया' आला, तोही. 'पांढरी कावीळ' मात्र वळवली नाही. ताईंनी तो शब्द हिपॅटायटीस बीसाठी ऐकला आहे, काकूंनी अंगात रक्त कमी होऊन माणूस फिकट पडतो त्यासाठी. एकीकडे वळवला तर दुसऱ्या गावच्या वाचकाची दिशाभूल होईल. म्हणून त्या नावाचे चार ओळींचे पान लिहिले : लोक हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, तुम्हाला कोणती म्हणायची आहे ते पाहा, आणि दोन्हींकडे दुवा.

१४ जुलै

काकूंनी छापलेली पाने तीन जणींना वाचायला दिली आणि वाचून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत सांगायला लावले. कळले का असे विचारायचे नाही, त्याला सगळे हो म्हणतात. लसीचा भाग तिघींनीही नीट सांगितला. एकीने तर पेंटाव्हॅलेंटमध्येही तीच लस असते, सहा, दहा, चौदा आठवड्यांना, हेही जोडून सांगितले.

अडल्या त्या अगदी वेगळ्या जागी. हिपॅटायटीस बीच्या पानावर होते : "असे लोक या विषाणूचे वाहक असतात." एकीने विचारले, "वाहक म्हणजे एसटीतला? त्यांना जास्त होतो का?" शब्द अचूक होता, आमच्यापैकी कुणालाही खटकला नव्हता. पण तिने तो शब्द रोज ज्या जागी वाचला आहे ती एसटी आहे. आता शब्द काढून अर्थच लिहिला : "काही जणांच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षे राहतो. त्यांना त्रास जाणवत नाही, तरी त्यांच्या रक्तातून तो दुसऱ्याला लागू शकतो." जागा थोडी जास्त गेली, जाऊ दे.

२४ जुलै

यकृताची पाने तपासून आज चढवली. 'नवजात बाळाची कावीळ' या पानावर सुरुवातीलाच एक ओळ वाढवली आहे : "जन्मताच दिलेली हिपॅटायटीस बीची लस या काविळीसाठी नसते, त्यामुळे लस देऊनही बाळ पिवळे दिसू शकते." काकूंनी ती बाळंतिणीला मोबाईलवर दाखवायची आहे, पुढच्या लसीच्या दिवशी ती येईल तेव्हा.

बाजूला ठेवलेल्या नऊ शब्दांत पुढचा 'पित्त' आहे. तो काविळीपेक्षा अवघड जाईल. आंबट ढेकर येतात ते पित्त, अंगावर गांधी उठतात ते पित्त, त्रिदोषांतले पित्त, आणि यकृतातून आतड्यात जाते तेही पित्त. आज चढवलेल्या पानांत "पित्त तुंबल्यामुळे कावीळ होते" असे दोन ठिकाणी आहे, आणि मला आत्ता लिहिताना दिसते आहे की आम्लपित्ताचा त्रास असलेला माणूस ते कसे वाचेल. त्या दोन जागी तूर्त 'पित्तरस' केले. बाकीची पाने शोधायला घेतली आहेत. 'पित्ता' हे सामान्यरूप धरूनच.